सभासदाचा पैसा थेट तुमच्याच बँकेत, पावती पण तुमच्याच नावाची

नमस्कार साहेब, नमस्कार ताई,

बडोद्यातल्या सहकारी बँकांच्या मॅनेजर मंडळींना हा मेसेज पाठवतोय. डेली कलेक्शन आणि कर्जाच्या हप्त्यांची वसुली डिजिटल करायची सिस्टिम आम्ही देतो. फीचर्स नंतर बघा, आधी बोर्डात गाडी जिथे अडते तेच बोलू या, पैसा सेफ राहील का आणि आपला सभासद ह्यावर भरवसा ठेवेल का.

आज काय होतं, मंगळ बाजारातला दुकानदार रोज 500 रुपये एजंटच्या हातात देतो, एजंट कार्डावर लिहून सही करतो आणि भरणा संध्याकाळी, कधी दुसऱ्या दिवशी होतो. तोवर त्या 500 चा पुरावा म्हणजे फक्त ते कार्ड, बँकेला पत्ताच नसतो. एजंट वर्षानुवर्षं घरच्यासारखे येणारे असतात, बहुतेक सगळे प्रामाणिकच, पण कार्ड आणि लेजर जुळलं नाही की पहिलं बोट त्यांच्याकडेच जातं, आणि हे आम्हाला मनापासून चुकीचं वाटतं.

आमच्या सिस्टिममध्ये एजंटच्या मशिनवर तेव्हाच्या तेव्हा त्या रकमेचा क्यूआर येतो, दुकानदार स्कॅन करतो, स्क्रीनवर तुमच्या बँकेचं नाव बघतो आणि मगच पिन टाकतो, पैसा सरळ बँकेच्या खात्यात. आमच्या खात्यातून एक रुपया पण फिरत नाही, करारातलं पहिलं कलमच ते आहे. दुकानात चिकटवायचे स्टिकर आम्ही मुद्दाम देत नाही, कोणी रात्रीत वर आपला स्टिकर लावून गेला तर सभासदाचे पैसे भलत्याच्याच खात्यात जातात.

रोख द्यायची आहे त्यांना जबरदस्ती नाही, खास करून वयस्कर सभासदांना. मशिनमधून नंबरवार छापील पावती निघते, बँकेच्या नावाने एसएमएस जातो, मराठी किंवा गुजराती, ज्याला जी हवी ती. तळघरातल्या दुकानात रेंज नसली तरी पावती अडत नाही, एन्ट्री एन्क्रिप्ट होऊन मशिनमध्ये राहते, रेंज आली की वर जाते. आणि एजंटकडे किती रोख साठू द्यायची ते तुम्ही ठरवा, तेवढी झाली की ब्रांचला भरणा केल्याशिवाय पुढची रोख पावती निघतच नाही. एवढी एक गोष्ट घेतली तरी निम्मी काळजी मिटेल असं माझं मत आहे.

आता सिक्युरिटी. 2018 मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या सहकारी बँकेचे 94 कोटी गेले ते सगळ्यांना माहीत आहे, पण माझ्या मते तुम्ही जुलै 2024 ची केस जास्त लक्षात ठेवा, लहान बँकांना टेक्नॉलॉजी पुरवणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला, एनपीसीआयने तिचं कनेक्शन तात्पुरतं तोडलं आणि देशभरातल्या जवळपास 300 लहान बँकांचे व्यवहार अडकले. फटका व्हेंडरला आणि रांग बँकेच्या काउंटरवर! आणि काम बाहेर दिलं म्हणून रिझर्व्ह बँकेपुढची जबाबदारी काही बाहेर जात नाही, म्हणून आमच्यासारख्यांना उलटसुलट प्रश्न विचाराच.

आमचं उत्तर असं की तुमच्या कोअर बँकिंगला आमचा हातच लागत नाही. सकाळी तुमच्याकडून येणं रकमांची फाइल निघते, संध्याकाळी कलेक्शनची फाइल येते, तुमचा ऑफिसर तपासून मंजूर करतो तेव्हाच पोस्टिंग. उद्या आम्ही बंद पडलो तरी तुमचं काउंटर चालू राहतं. मशिनमध्ये फक्त नाव, खात्याचे शेवटचे 4 आकडे आणि आजची रक्कम, आधार, पॅन, शिल्लक काही नाही. मशिन हरवलं तर ब्रांचमधूनच लॉक करा. डेटा भारतातल्याच सर्व्हरवर, लॉग तुमच्या ऑडिटरला खुले, आणि करार संपला की सगळा डेटा परत देऊन आमच्याकडचा पुसल्याचं लेखी देतो.

थकबाकीचं पण सांगतो. दांडिया बाजारात कर्जदार, जामीनदार आणि संचालक एकाच गल्लीत राहतात, एक मेसेज भलत्याकडे गेला तर माणसाची अब्रू जाते आणि तो माणूस परत बँकेची पायरी चढत नाही. म्हणून आठवण फक्त कर्जदाराच्या रजिस्टर्ड नंबरवर, आणि सकाळी 8 च्या आधी, संध्याकाळी 7 नंतर सिस्टिममधून कॉल लागतच नाही. 1889 मध्ये अन्योन्य सहकारी मंडळी ह्याच शहरात सुरू झाली आणि सहकारी बँका बंद पडलेल्या पण ह्याच शहराने बघितल्यात, इथला सभासद पासबुकाची ओळन् ओळ वाचतो, त्याला गोड बोलून नाही, पावती दाखवूनच पटतं.

सुरुवात एका ब्रांचपासून करा, दोन एजंट, तीन महिने, जुनं कार्ड पण सोबत चालू ठेवा आणि रोज संध्याकाळी दोन्हीचा ताळा घ्या. ह्या तीन महिन्यांची फी नाही, मशिनं आमची. पुढच्या आठवड्यात बुधवारी किंवा गुरुवारी चारनंतर ब्रांचमध्ये येऊन डेमो देतो, कुठला दिवस जमेल ते ह्याच नंबरवर कळवा, आणि आयटी बघणारा माणूस, एखादा जुना एजंट आणि ज्या संचालकांचा ह्याला सगळ्यात जास्त विरोध आहे त्यांना जरूर बसवा.

डिजिटल कलेक्शन टीम, रावपुरा, बडोदा