मोटरच्या बिलात जास्तीचे आलेले 4,570 रुपये परत करण्याबाबत

27 जानेवारी 2026
ता. वरुड

सुधाकरभाऊ, नमस्कार.

तुमच्या बोअरच्या मोटरचं जे बिल झालं त्यात तुमचे 4,570 रुपये माझ्याकडं जास्तीचे आले आहेत, ते मी येत्या शुक्रवारी 30 तारखेला परत करतो, त्यासाठीच हे लिहून राहिलो.

काल झेंडावंदन झाल्यावर दुकान बंद ठेवून वही अन् बिलं घेऊन बसलो तं लक्षात आलं. 17 तारखेला तुम्ही मोटर टाकायला आले तेव्हा 4,000 रुपये नगदी दिले होते, ते वहीत लिहिले पण बिलात वजा करायचे राहून गेले, अन् 22 तारखेला तुमच्या मुलानं पुण्याहून फोनवरून पूर्ण बिलाचे 14,860 टाकले. म्हणजे तुमच्याकडून 18,860 आले. दुसरं म्हणजे केबल. बिलात 30 मीटर लावली, पण बोअरवर 24 मीटरच लागली, बाकीचा 6 मीटरचा तुकडा पोरगा गाडीतून वापस घेऊन आला, तो आजही खिळ्याला टांगलेला आहे, चिकटपट्टीवर तुमचं नाव लिहून. 95 रुपये मीटरनं (जीएसटी धरून) त्याचे 570 होतात. बिल खरं तं 14,290 चंच होतं.

बाग ताणावर होती, आंबियाचं पहिलं पाणी द्यायचं होतं अन् नेमकी तेव्हाच वायंडिंग जळाली, तुमची घाई मला समजत होती, म्हणून मोटर रात्री बसून भरली, पण बिल करताना वही उघडून पाहायला पाहिजे होती, ती मी पाहिली नाही. चूक माझीच आहे, पोराची नाही. तुम्ही हिशोब न विचारता पैसे दिले, म्हणून तं जास्तच वाईट वाटलं भाऊ, माफ करजा.

पैसे तुमच्या मुलाच्या ज्या नंबरावरून आले त्याच नंबरावर टाकतो. तुम्हाला नगदी पाहिजे असले तं गुरुवारी संध्याकाळपर्यंत सांगजा, घरी आणून देतो. एक गोष्ट मुलालाही सांगून ठेवजा, पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, ओटीपी लागत नाही, कोणती लिंकही उघडावी लागत नाही, माझ्या नावानं कोणी फोन करून असं काही मागितलं तं देऊ नका, सरळ मला फोन करा.

केबलच्या 570 ची क्रेडिट नोट अन् 4,000 ची पावती या पत्रासोबत जोडली आहे. जुनं बिल फेकू नका, तिन्ही कागद एकत्रच ठेवजा, रिवायंडिंगची सहा महिन्यांची गॅरंटी त्याच बिलावर आहे. केबलचा तुकडा तुम्हाला जॉइंटसाठी ठेवायचा असला तं तेही सांगा, मग 570 ऐवजी तुकडा देतो अन् 4,000 परत करतो.

मोटर पाणी बरोबर फेकते ना, आवाज वगैरे करत असली तं लगेच कळवजा.

तुमचा,
राजू
मोटर रिवायंडिंगचं दुकान, बस स्टँडजवळ