अस्तराच्या झब्ब्याबद्दल

सदाशिव पेठ, पुणे
12 नोव्हेंबर

मास्तर,
सप्रेम नमस्कार.

भाच्याच्या हाती कापड पाठवते आहे. बँकेतून निघेपर्यंत तुमचं दुकान बंद होतं, म्हणून सगळं लिहूनच कळवते. बाबांसाठी थंडीचा झब्बा शिवायचा आहे. डिसेंबरात सवाईला ते दुपारपासून रात्रीपर्यंत मंडपात बसतात. रमणबागेत व्हायचं तेव्हापासूनचा नेम आहे आणि 81व्या वर्षीही तो मोडायचा नाही म्हणतात.

राखाडी लोकरी कापड 54 इंची पन्ह्याचं, अडीच मीटर आहे. कापण्याआधी ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवून घ्या. अस्तराला तपकिरी सुती फ्लॅनेल दिलं आहे. ते मी दोनदा भिजवून वाळवलंय, आता आटणार नाही. बाह्यांना मात्र फ्लॅनेल नको, वेगळं सॅटिन ठेवलंय तेच लावा. बाबांचा उजवा खांदा आखडलाय, फ्लॅनेलमध्ये आतल्या शर्टाची बाही अडकते आणि हात वर नेताना त्यांना दुखतं.

सोबतचा सुती झब्बा मापाला घ्या. उंची तीच, 40 इंच. आत स्वेटर येणार, म्हणून छाती तयार 46 ठेवा आणि मोंढा अर्धा इंच मोठा. पुढची बटणपट्टी 16 इंच खोल हवी, म्हणजे डोक्यावरून घालताना ओढाताण होणार नाही. बटणं मोठी, लाकडी, पाच. काजं जरा सैल. बोटं थरथरतात त्यांची.

अस्तर खाली झब्ब्याला शिवू नका, सुटंच राहू द्या आणि इंचभर आखूड ठेवा. मागे दुसरीकडे शिवलेल्या कोटाचं अस्तर खाली लोंबायचं, बाबांनी तो परत घातलाच नाही. पाठीच्या अस्तरात मधे एक चुणी द्या, वाकताना ताण येत नाही.

खिशांचं नीट बघा. बाजूचे दोन्ही शिवणीतच, तोंड साडेसहा इंच, खोली सात. खिशाची पिशवी जाड ड्रिलची, पण हाताच्या पाठीकडची बाजू फ्लॅनेलची करा, त्यांचे हात गारठतात. खिशाचं तोंड चिरेच्या दोन इंच वर संपू द्या आणि दोन्ही टोकांना पक्का टाका मारा. आत डाव्या छातीशी चष्म्याच्या घराचा खिसा, साडेतीन रुंद, सात खोल. त्याच्याच शेजारी कानाच्या मशीनच्या डबीसाठी अडीच इंची चौकोनी खिसा, झाकण आणि टिचबटणाचा. वर छातीवर खिसा नको.

कच्चं शिवून झालं की कळवा, शनिवारी बाबांना घेऊन येईन. तुमच्या दुकानाच्या पायऱ्या त्यांना जड जातात, तेव्हा खाली उतरून बघाल का? 5 डिसेंबरपर्यंत तयार मिळाला तर फार बरं होईल. आगाऊ 500 रुपये पाकिटात आहेत, बाकी शिलाई तुम्ही सांगाल ती.

उरलेला तुकडा टाकू नका, त्यांच्यासाठी कानटोपी करायची आहे.

आपली,
सुनंदा