जीएसटी नोंदणी रद्द करण्याबाबतच्या कारणे दाखवा नोटिशीस उत्तर

सांगली, दि. १९ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. राज्यकर अधिकारी,
महाराष्ट्र वस्तू व सेवा कर विभाग

विषय : फॉर्म जीएसटी आरईजी-१७ मधील दि. १२ नोव्हेंबर २०२५ च्या नोटिशीस फॉर्म जीएसटी आरईजी-१८ सोबत जोडलेले सविस्तर उत्तर.

महोदय,

मी, सौ. सुनंदा महादेव पाटील, गणपती पेठ, सांगली येथील मे. पाटील पंप स्पेअर्स या दुकानाची मालक आहे. शेतीपंप, त्यांचे सुटे भाग आणि स्टार्टर विकण्याचा हा व्यवसाय आहे. व्हॅटच्या काळातील नोंदणी जीएसटीत वर्ग होऊन १ जुलै २०१७ पासून आमची नोंदणी चालू आहे. आपली नोटीस १२ तारखेला पोर्टलवर मिळाली. सात कामकाजाच्या दिवसांची मुदत २१ तारखेला संपते, म्हणून हे उत्तर मुदतीत आहे.

नोटिशीत कारण दोनच ओळींत दिले आहे : ६ नोव्हेंबरच्या स्थळ पाहणीत दुकान बंद आढळले, फलक दिसला नाही, शेजारी चौकशी केली असता माहिती मिळाली नाही; सबब नियम २१(अ) नुसार नोंदवलेल्या ठिकाणी व्यवसाय होत नाही. पाहणी दुपारी २ वाजून २५ मिनिटांनी झाल्याचे त्यात नमूद आहे. माझे सगळे उत्तर या वेळेभोवतीच फिरते.

आमचे दुकान सकाळी १० ते दुपारी १.३० आणि ३.३० ते रात्री ८.३० उघडे असते. दुपारचे दोन तास शटर खाली असते. पेठेत हे नवीन नाही, पण बाहेरून येणाऱ्याला ते कळावे अशी पाटी आम्ही लावली नव्हती, हेही खरे. त्या दिवशी १४ बिले झाली, क्रमांक ११७९ ते ११९२, एकूण ३८,४१२ रुपयांची. पैकी बिल क्र. ११८७ दुपारी १.०८ चे आहे : बेडगच्या एका शेतकऱ्याने सबमर्सिबल मोटारीचा पॅनेल बोर्ड नेला. पुढचे बिल क्र. ११८८ दुपारी ३.४७ चे. म्हणजे पाहणी नेमकी या दोन बिलांच्या मधल्या वेळेत झाली. बिलांवर वेळ संगणकच छापतो. नऊ गिऱ्हाइकांनी यूपीआयने पैसे दिले असून बँकेच्या उताऱ्यातील वेळा बिलांशी जुळतात. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत, ही विनंती.

त्याच संध्याकाळी ६.२० च्या सुमारास कोइम्बतूरहून मोटारींचा माल दुकानात उतरला. मालाची किंमत १,८४,००० रुपये, त्यावर १८ टक्के दराने आयजीएसटी ३३,१२०, एकूण २,१७,१२० रुपये. ई-वे बिल ४ नोव्हेंबरचे असून पोहोचवण्याचा पत्ता हाच आहे. ट्रान्सपोर्टच्या पावतीवर माल मिळाल्याची सही, आमचा शिक्का आणि तारीख आहे. पंधरा मोटारी बंद पडलेल्या दुकानात कोणी उतरवून घेत नाही.

फलकाबाबत चूक आमची आहे आणि ती मी मान्य करते. नियम १८ प्रमाणे प्रवेशद्वारावरील फलकावर जीएसटीआयएन असला पाहिजे. दिवाळीआधी जुना फलक रंगवायला दिला, पेंटरकडे कामाची गर्दी होती, आणि तो १० नोव्हेंबरला परत लागला. मधल्या काळात निदान कागदावर क्रमांक लिहून चिकटवायला हवा होता, ते राहून गेले. नोंदणी प्रमाणपत्र मात्र गल्ल्यामागच्या भिंतीवर फ्रेममध्ये आहे. शटर खाली असल्याने ते दिसणे शक्य नव्हते. नवा फलक आणि प्रमाणपत्र यांचे फोटो जोडले आहेत. फलकाखाली आता दुकानाच्या वेळाही लिहिल्या आहेत.

शेजाऱ्यांविषयी : डाव्या हाताचे मोबाईल कव्हरचे दुकान याच पाडव्याला उघडले, त्यामुळे त्यांना आमची माहिती नसणे स्वाभाविक आहे. उजवीकडचे हार्डवेअर दुकानदार वीस वर्षांपासून तेथे आहेत. त्यांचा सही-शिक्क्याचा जबाब जोडला आहे. त्या दिवशी नेमके कोणाला विचारले, हे नोटिशीत नाही. नियम २५ नुसार पाहणीचा अहवाल फोटोंसह फॉर्म जीएसटी आरईजी-३० मध्ये अपलोड व्हायचा असतो. तो नोटिशीसोबत मिळालेला नाही. त्याच्या आधारे माझ्याविरुद्ध निर्णय व्हायचा असेल तर प्रत मला आधी मिळावी.

विवरणपत्रांबाबत नोटिशीत आक्षेप नाही, तरी चित्र पूर्ण असावे म्हणून सांगते. एप्रिल ते ऑक्टोबर २०२५ या सातही महिन्यांची जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी भरलेली आहेत. या काळात करपात्र विक्री २९,७४,५०० रुपये, त्यावरील कर ५,३५,४१०. त्यातील ४,४१,८७० रुपये इनपुट टॅक्स क्रेडिटमधून आणि ९३,५४० रुपये रोखीने भरले. ऑगस्टची ३बी सहा दिवस उशिरा, २६ सप्टेंबरला भरली गेली. त्याचे विलंब शुल्क ३०० रुपये आणि व्याज ४४ रुपये पुढच्या विवरणपत्रासोबत भरले आहे. ऑक्टोबरची ३बी नोंदणी निलंबित असतानाही १७ नोव्हेंबरला भरली. त्या काळात ते बंधनकारक नव्हते, पण व्यवहार निलंबनाआधीचे होते. आजमितीस कर, व्याज वा शुल्क यांपैकी काहीही थकीत नाही.

निलंबनाविषयी दोन शब्द. १२ नोव्हेंबरपासून आम्ही एकही करपात्र विक्री केलेली नाही. दुकान उघडतो, स्टार्टर हातात घेऊन गिऱ्हाईक उभे राहते, आणि आम्ही परत पाठवतो. हे रब्बीचे दिवस आहेत. जळालेली मोटार पंधरा दिवस बदलली नाही तर त्या शेतकऱ्याचे पाणी चुकते, आणि तो पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जातो. कामाला दोन माणसे आहेत, त्यांचा पगार चालूच आहे. वर सांगितलेला कोइम्बतूरचा मालही तसाच पडून आहे.

सबब विनंती अशी की, हे उत्तर समाधानकारक मानून नियम २२(४) प्रमाणे कारवाई थांबवावी, फॉर्म जीएसटी आरईजी-२० मध्ये तसा आदेश द्यावा आणि नियम २१अ खालील निलंबन मागे घ्यावे. शंका उरल्यास पुन्हा पाहणी जरूर करावी; आगाऊ कळवण्याचीही गरज नाही, फक्त वरील वेळा ध्यानात असाव्यात. तरीही प्रतिकूल निर्णयाचा विचार असेल, तर कलम २९(२) च्या परंतुकानुसार मला समक्ष सुनावणीची संधी द्यावी. मी हिशेबाच्या मूळ वह्या आणि बिलबुके घेऊन हजर राहीन.

वर दिलेली माहिती माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरी असून त्यातील काहीही दडवलेले नाही.

आपली विश्वासू,
सौ. सुनंदा महादेव पाटील
मालक, मे. पाटील पंप स्पेअर्स, गणपती पेठ, सांगली

सोबत : ६ नोव्हेंबरची १४ बिले व त्या दिवसाचा बँक उतारा, ई-वे बिल, खरेदी बिल व ट्रान्सपोर्टची पावती, सात महिन्यांच्या विवरणपत्रांच्या पोच व रोख भरण्याची चलने, दुकानाचा भाडेकरार, सप्टेंबर व ऑक्टोबरची वीजबिले, दुकाने व आस्थापना अधिनियमाखालील सूचना पावती, चालू वर्षाच्या व्यवसाय कराची २,५०० रुपयांची पावती, फलक, प्रमाणपत्र व दुकानाच्या आतील मालाचे फोटो, शेजारील दुकानदाराचा जबाब.