तुर्भे गाळा: नवीन अप्रेंटिस पोरांसाठी हॅन्ड ड्रिलचा पाच दिवसांचा प्लॅन

हा प्लॅन चार नवीन पोरांसाठी आहे आणि त्यांच्याबरोबर उभे राहणाऱ्या दोन्ही सीनियर वायरमनसाठी पण आहे, म्हणून दोघांनीही पूर्ण वाचा. सोमवार ते शुक्रवार, रोज सकाळी ९ ते ११ गाळ्यातच, त्यानंतर नेहमीची कामं. या आठवड्यात साइटवर कुणीही ड्रिल हातात घ्यायचं नाही, कितीही घाई असो आणि साइटवरचा कुणीही "अरे मार ना एक होल" म्हणो. त्याला सांगा की अजून साइन झालेली नाही, बाकी मी बघतो.

एका सीनियरमागे दोनच पोरं. प्रॅक्टिसला त्याच्या हातात दुसरं काही काम नको आणि फोन पण नको, कारण पोराचा हात कुठे आहे हे बघणं हेच त्या दोन तासांचं त्याचं काम आहे.

आधी एक गोष्ट, जी मी सोमवारी तोंडानेही सांगणार आहे

मी शिकत होतो तेव्हा बिट बदलायला मशीन मांडीवर घेऊन बसलो होतो, प्लग बोर्डातच होता आणि स्विच चालू. चकमध्ये चावी अडकवून जोर लावला, आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याखाली ट्रिगर कधी दाबला गेला कळलंच नाही. चावी एक गरका मारून अंगठ्यावर बसली. नख अर्धं उचकटलं, पुढचा दीड महिना मला साधा कनेक्टरचा स्क्रू पिळता येत नव्हता, आणि मशीनमध्ये काहीही बिघाड नव्हता, दीड सेकंदाचा आळस होता तो.

म्हणून आपल्या गाळ्यातल्या चारही मशीनची चावी मी प्लगपासून एक वीत अंतरावर केबललाच बांधलीय. चावी चकपर्यंत न्यायची तर प्लग बोर्डातून काढावाच लागतो. ती दोरी कुणी "सोयीसाठी" सोडली तर त्या दिवशी त्याचं मशीन बंद. बिटला हात लावायच्या आधी प्लग आपल्या डोळ्यांसमोर पाहिजे, या आठवड्यात दुसरं काही राहिलं तरी चालेल पण हे राहता कामा नये.

सोमवार: डेमो, पोरांनी फक्त बघायचं आणि विचारायचं

कपड्यांपासून सुरुवात. फुल बाह्यांचा शर्ट असेल तर बटणं लावलेली, सैल टी-शर्ट आत खोचलेला, केस बांधलेले. गळ्यातली चेन आणि हातातलं कडं काढून ठेवायचं, आणि मनगटावरचा लाल धागासुद्धा. धाग्याबद्दल मला माहितीय पोरांना वाईट वाटतं, आईने बांधलेला असतो, पण फिरत्या बिटमध्ये तो गुंडाळला की हात सोबत ओढला जातो. काढायचा नसेल तर वर घट्ट मनगटी पट्टी घाला, लोंबतं टोक दिसलं नाही पाहिजे. कॉटनचे सैल हातमोजे ड्रिल चालवताना अजिबात नको, तेही तसेच गुंडाळतात. चष्मा म्हणजे बाजूने बंद असलेला गॉगल, नंबरचा चष्मा नाही. भिंतीच्या कामाला मास्क पाहिजे, काँक्रीट-विटेची बारीक धूळ छातीत बसते आणि परत बाहेर येत नाही, तोंडाला रुमाल बांधून ती अडत नाही. कानाला प्लग.

मग मशीन. बॉडीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर ते डबल इन्सुलेटेड, त्याच्या केबलला अर्थची तार नसते आणि त्यात चूक काही नाही. जुनं मेटल बॉडीचं मशीन असेल तर थ्री पिन टॉप आणि अर्थिंग पाहिजेच, मोठी पिन तोडून टू पिनमध्ये घुसवलेलं मशीन दिसलं तर बाजूला ठेवून मला सांगा. केबल जिथे मशीनमध्ये शिरते तिथे बोटाने हळू वाकवून बघा, सगळ्यात आधी इन्सुलेशन तिथेच फाटतं. कार्बन ब्रशची थोडी ठिणगी मागच्या जाळीतून दिसते, ती चालते, पण गोल पेटती रिंग दिसली किंवा जळका वास आला की मशीन बंद.

सप्लाय ३० मिलिॲम्पिअरच्या आरसीसीबीवरूनच, आणि त्याचं टेस्ट बटण रोज सकाळी दाबायचं. आरसीसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल पकडला तर त्याला ते लोडच वाटतं आणि तो पडत नाही. एक्स्टेंशनचं ड्रम पूर्ण उलगडायचं, गुंडाळलेल्या केबलवर लोड टाकला की ती आतून तापते. पावसाळ्यात गाळ्याची फरशी ओलसर असते तर रबर मॅटवर उभं राहा आणि जॉइंट जमिनीवर ठेवू नका, टांगा.

बिट तीन प्रकारचे दाखवीन. लोखंडाला एचएसएस, भिंतीला टोकाला कार्बाइड लावलेला, लाकडाला मधे टोचणी असलेला. भिंतीचा बिट लोखंडात घातला की दोन्ही खराब. हॅमर मोड फक्त वीट आणि काँक्रीटला. टाइलवर हॅमर लावून सुरुवात केली की तडा ठरलेला, टाइल पार होईपर्यंत साधा मोड आणि स्लो स्पीड. घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरमध्ये काही भिंती हलक्या एएसी ब्लॉकच्या असतात, त्यातही हॅमर नको, होल फाकतं आणि ग्रिप फिरत राहते.

ट्रिगरजवळचं लॉक बटण मी दाखवीन पण वर्षभर तुम्ही वापरायचं नाही. लॉक करून ठेवलं, लाइट गेली, मशीन तसंच स्टुलावर ठेवून चहाला गेलात आणि लाइट आली, तर ते स्वतःहून फिरत खाली येतं. लाइट गेली की आधी ट्रिगर सोडा, मग प्लग काढा.

भिंतीच्या आत काय आहे

यावर सोमवारचा अर्धा तास देतोय कारण इलेक्ट्रिशियनला हे सुताराहून जास्त कळायला पाहिजे, आपणच तर पाइप टाकतो. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली, दोन बोर्डांच्या मधली आडवी रेघ, आणि डीबीच्या आजूबाजूला पाइप आहे असंच धरून चालायचं. वाशी-नेरुळच्या जुन्या सिडको बिल्डिंगमध्ये मागच्या मालकाने पाइप कुठून वळवलाय याचा भरवसा नाही. स्लॅबमध्ये तर पाइप तिरके जातात, म्हणून सीलिंगला होल मारताना "सरळ रेषेत नाही म्हणजे मोकळं" असं समजू नका.

भिंतीच्या त्या बाजूच्या सर्किटचा एमसीबी पाडायचा, त्यावर आपलं लॉक आणि टॅग लावायचं, आणि ड्रिलला सप्लाय दुसऱ्या सर्किटवरून घ्यायचा. मग टेस्टिंग: आधी चालू पॉइंटवर टेस्टर चालतोय बघा, मग बंद केलेल्या पॉइंटवर बघा, मग परत चालू पॉइंटवर. निऑनवाल्या स्क्रू ड्रायव्हरवर जीव टाकू नका, दोन प्रोबचा टेस्टर वापरा. भिंतीवर फिरवायचा डिटेक्टर मदतीला घ्या, पण पाइप खोल असेल तर तो गप्प बसतो.

काँक्रीटमध्ये बिट अचानक पुढे जाईना आणि आवाज किणकिण झाला की सळई लागली. जोर वाढवू नका, होल सरकवा. बीम आणि कॉलमला मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

मंगळवार: लोखंड, व्हाइसमध्ये

३ मिलिमीटरची पट्टी, प्रत्येकी सहा होल. मार्किंग, सेंटर पंच, ३ चा बिट, मग ६, मग १०. पट्टी व्हाइसमध्येच, हातात धरून नाही, बिट पलीकडे निघताना पट्टीला पकडतो आणि ती पंख्याच्या पात्यासारखी फिरते. स्पीडचं गणित पाठ करू नका, एवढं ठेवा की बिट जाड तर स्पीड कमी. साध्या लोखंडाला ६ चा बिट साधारण १३०० आरपीएम, १० चा ८००. दोन थेंब तेल. होल आरपार व्हायच्या जरासं आधी आवाज बदलतो, तिथे जोर सोडायचा आणि साइड हँडल घट्ट. तो आवाज प्रत्येकाला ओळखता आला पाहिजे, नाही आला तर सातवं, आठवं होल मारा. कीस ब्रशने काढायचा, बोटाने नाही, तोंडाने फुंकून तर नाहीच.

बुधवार-गुरुवार: प्रॅक्टिसची भिंत

गाळ्याच्या मागे आम्ही चार बाय चार फुटांची विटेची भिंत बांधून प्लास्टर केलीय, एका पट्ट्यात टाइल. आत एक पीव्हीसी पाइप आहे, सप्लाय काही नाही, आणि तो कुठून जातो ते फक्त मला माहितीय. दोन स्विचबोर्डचे बॉक्स बघून पोरांनी खडूने आधी पाइप आखायचा, मग कुठे होल मारणार ते आखायचं, आणि सीनियरला कारण सांगायचं. त्यानंतरच ट्रिगर. गुरुवारी शेवटी प्लास्टर फोडून सगळे मिळून बघू.

काम: केसिंग पट्टीसाठी ६ मिलिमीटरची आठ होलं, ३५ चा स्क्रू, म्हणून होल ४० खोल, बिटला ४० वर टेप. दोन होलं टाइलमधून. चार होलं घोड्यावर उभं राहून, घोडा पूर्ण उघडलेला आणि दुसऱ्या पोराने धरलेला, वरच्या पायरीवर उभं राहायचं नाही. लांब पोचायचंय म्हणून वाकून होल मारणं बंद, खाली उतरा, घोडा सरकवा. हात अवघडले की थांबा, थकलेल्या हाताने बिट तिरका जातो.

सीनियरसाठी: "थांब" म्हटलं की ट्रिगर सुटला पाहिजे, हे रोज दोनदा मधेच म्हणून बघा. आणि पोराच्या हातातून मशीन ओढून घेऊन स्वतः होल मारून दाखवू नका, तोंडाने सांगा, त्याला त्याचा वेळ घेऊ द्या.

कुणाला शॉक लागला आणि तो चिकटलाय असं वाटलं तर त्याला हात लावायचा नाही, गाळ्याच्या दारामागचा मेन पाडा. मग १०८ ला फोन, श्वास नसेल तर छाती दाबणं सुरू. मेन कुठे आहे ते सोमवारी प्रत्येकाने जाऊन स्वतः पाडून बघायचंय.

शुक्रवार: चेकलिस्ट

प्रत्येकाच्या नावाचा वेगळा कागद, एकेकाला अर्धा तास, मी आणि एक सीनियर. कुणी सुचवायचं नाही. पहिल्या सातमध्ये एक जरी चुकलं तरी साइन नाही, बाकीच्यात दोनपर्यंत चालेल.

१. गॉगल, मास्क, कानाचे प्लग लावले, लोंबतं काही अंगावर नाही
२. केबल, प्लग, बॉडी स्वतः तपासली आणि आज मुद्दाम ठेवलेला दोष शोधला
३. आरसीसीबी टेस्ट बटण दाबून बघितलं
४. बिट बदलताना प्रत्येक वेळी प्लग बाहेर, चावी चकमधून काढूनच प्लग परत लावला
५. पाइप आखला, एमसीबी लॉक केला, टेस्टरने चालू-बंद-चालू तपासलं
६. वस्तू व्हाइसमध्ये, साइड हँडल लावलेलं
७. "थांब" म्हटल्यावर लगेच ट्रिगर सोडला
८. मटेरियलप्रमाणे बिट आणि मोड निवडला, का ते सांगता आलं
९. टाइल न तडकता पार केली
१०. आरपार होताना जोर कमी केला
११. होल सरळ, खोली ४० च्या आसपास, ग्रिप हाताने दाबून आणि हलक्या हातोडीने बसली
१२. घोडा नीट लावला, वाकला नाही
१३. काम झाल्यावर बिट काढला, मशीन पुसलं, केबल पीळ न देता गुंडाळली

राहिलेल्याने पुढच्या सोमवारी ९ वाजता फक्त राहिलेले मुद्दे परत द्यायचे, पगारात काही कापलं जाणार नाही आणि कुणी त्याला चिडवायचं नाही. साइन झालेले मंगळवारपासून खारघरच्या साइटवर सीनियरच्या सोबतीने, पहिला महिना एकट्याने ड्रिल नाही. शुक्रवारी बंद बूट घालून या, चपलेत आलेल्याला मी परत पाठवणार.