पाठ टाचण : "तहानलेली बाग" (आकलनासह वाचन)

इयत्ता चौथी, मराठी माध्यम, नागपूर. पट 28. जानेवारीचा दुसरा आठवडा. सलग दोन तासिका, एकूण 70 मिनिटे.

साहित्य : प्रत्येकाला उताऱ्याची प्रत, पेन्सिल, कढीपत्त्याच्या दोन डहाळ्या. एक ताजी, एक आदल्या दिवशी तोडून मान टाकलेली.

उद्दिष्ट : उताऱ्यात स्पष्ट न सांगितलेलं कारण मुलांनी खुणांवरून ओळखावं आणि ज्या ओळीवरून ओळखलं तिच्यावर बोट ठेवावं. वेग आणि उच्चार आज तपासायचे नाहीत.

उतारा

नाताळच्या सुट्टीत गौरी आजीकडे काटोलला गेली. संत्र्याच्या बागेत पाऊल ठेवताच ती थबकली. पानं मलूल झाली होती, जमिनीला भेगा पडल्या होत्या. विहिरीत मात्र भरपूर पाणी होतं!

गौरीनं गुपचूप घागर भरली आणि एका झाडापाशी नेली. तेवढ्यात मागून आवाज आला, "पाणी नको टाकू वं! झाडं ताणावर आहेत."

"आजी, ती मरतील ना!"

"पन्नास वर्षं झाली बाग करते मी. थांब जरा." आजीनं घागर उचलून गाईपुढे ठेवली.

गौरी रुसूनच घरी परतली. जानेवारीत आजीचा फोन आला, "आज ओलीत सुरू केलं."

महाशिवरात्रीला गौरी पुन्हा गेली. बाग दिसायच्या आधीच वास आला. फांद्या पांढऱ्या फुलांनी लगडल्या होत्या. आजी काहीच बोलली नाही. गौरीनं तिचा हात धरला.

वाचनापूर्वी (12 मिनिटे)

वर्गात संत्रं आणायचं नाही. ते आणलं की गप्पा चवीवर जातात, आणि आपल्याला झाडाविषयी बोलायचं आहे. दोन्ही डहाळ्या दाखवून विचारायचं, "हिला काय झालं? असं झाड दिसलं तर तुम्ही काय कराल?" बहुतेक मुलं "पाणी टाकू" म्हणतील. तेच फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचं, कारण गौरीही तेच करणार आहे.

मग फक्त शीर्षक वाचून अंदाज घ्यायचे आणि तीन-चार फळ्याच्या कोपऱ्यात ठेवायचे. "ओलीत" आणि "मलूल" हे शब्द आधी समजावायचे. "ताण" अजिबात नाही. तो मुलांनी उताऱ्यातूनच सोडवायचा आहे; आधी सांगितला तर पाठाचा जीवच जातो.

वाचताना (30 मिनिटे)

एकेकानं एकेक ओळ मोठ्यानं वाचायची पद्धत इथे नको. पुढचं मूल आपली ओळ मोजत बसतं, गोष्ट ऐकत नाही. पहिला परिच्छेद शिक्षकानं मोठ्यानं वाचून स्वतःचा विचार बोलून दाखवायचा : "विहिरीत पाणी आहे, मग बाग कोरडी का? मला हे पटत नाही. मी इथे प्रश्नचिन्ह काढते." मुलांना खूण कशी करायची ते यातूनच कळतं. पुढचं वाचन मनातल्या मनात. अडलं तिथे प्रश्नचिन्ह, नवल वाटलं तिथे उद्गारचिन्ह.

"थांब जरा" इथे सगळ्यांनी थांबायचं. शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोलायचं : आजी निर्दयी आहे का? "पन्नास वर्षं" हा आकडा लेखकानं कशाला दिला? इथे घाई करू नये. आजीला अनुभव आहे, म्हणजे पाणी तोडण्यामागे काही कारण असणार, हा विचार मुलांचा मुलांनी गाठू द्यावा. कुणी गप्प असेल तर उत्तर सुचवायचं नाही, "कोणती ओळ पुन्हा वाचून पाहूया?" एवढंच.

अक्षरं जोडून वाचणाऱ्या मुलांसोबत जोडीदार द्यायचा. जोडीदार वाचेल, हे मूल खुणा करेल. आकलनात ती मागे असतातच असं नाही.

वाचनानंतर (28 मिनिटे)

आधी कोपऱ्यातले अंदाज तपासायचे. मग प्रश्न :

1. आजीनं घागरीचं काय केलं?
2. "ताणावर" म्हणजे काय? कोणत्या ओळींवरून कळलं?
3. शेवटी गौरीनं हात का धरला?
4. तू गौरीच्या जागी असतास किंवा असतीस तर आजीला काय विचारलं असतं?

दुसऱ्या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळ. भेगा, बंद पाणी, नंतर ओलीत, मग फुलं, हा क्रम मुलांनी बाणांनी जोडायचा. त्यानंतरच शिक्षकानं सांगायचं : काही दिवस पाणी तोडलं की झाडाची वाढ थांबते आणि पुन्हा पाणी मिळाल्यावर ते फुलांवर येतं. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात, फळं त्याच वर्षाच्या शेवटी. मृग बहार पावसाच्या सुरुवातीला फुलतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणीला येतो.

शेवटची दहा मिनिटं लेखन : गौरीच्या वतीनं मैत्रिणीला चार वाक्यं.

मूल्यमापन : कारण सांगून ओळ दाखवली तर उद्दिष्ट साधलं. कारण बरोबर पण ओळ सापडली नाही, अशांना उद्या दुसरा छोटा उतारा. "झाडाला पाणी आवडत नाही" असं उत्तर आलं तर फुलांचा परिच्छेद पुन्हा सोबत वाचायचा. शुद्धलेखनाचे गुण कापायचे नाहीत.

गृहपाठ : ज्यांच्या घरचे कळमना बाजारात जातात, त्यांनी विचारून यावं : सध्या आलेली संत्री कोणत्या बहाराची? बाकीच्यांनी फळवाल्या काकांना विचारावं.