पाचवी ब : वर्षभराच्या परिपत्रकातलं आपल्या कामाचं (२०२५-२६)

नमस्कार पालकहो,

सोमवारी शाळा सुरू झाली आणि मुलांच्या दप्तरातून सात पानी वार्षिक परिपत्रक घरी आलं. बऱ्याच जणांनी ते फोटो काढून ठेवलंय, वाचलं मात्र कोणीच नसावं, कारण गेल्या पाच दिवसांत "गणपतीची सुट्टी कधी?" हा प्रश्न ग्रुपवर अकरा वेळा आला. मी दोनदा वाचलं. रजा टाकताना, तिकीट काढताना आणि गावी कळवताना ज्याची गरज पडेल तेवढंच इथे उतरवते. मूळ कागद जपून ठेवा, शंका आली तर तोच खरा.

सगळ्यात आधी गणपती, कारण त्याची घाई याच आठवड्यात आहे.

चतुर्थी बुधवारी, २७ ऑगस्टला. शाळेला सुट्टी २७ ऑगस्ट ते मंगळवार, २ सप्टेंबर. म्हणजे गौरी विसर्जनापर्यंतचे दिवस मिळाले. २६ला शाळा सकाळची आहे, ११ला सुटेल. कोकणात जाणाऱ्यांनी लक्षात घ्या, रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. २६ ऑगस्टच्या रात्रीच्या गाडीचं तिकीट २७ जूनला, म्हणजे येत्या शुक्रवारी सकाळी ८ वाजता. २५चं हवं असेल तर गुरुवारी. परतीचं, २ सप्टेंबरचं, ४ जुलैला. २ तारखेच्या रात्री निघालात तरी चालेल, आपला वर्ग दुपारचा आहे.

आता खरी गोम. ३ आणि ४ सप्टेंबरला शाळा आहे, ५ला ईद-ए-मिलाद, ६ला अनंत चतुर्दशी. दोनच दिवस मध्ये आलेत, त्यामुळे "जाऊ दे, आठच्या सोमवारीच पाठवू" असा विचार सगळ्यांच्याच मनात येणार. माझ्याही आला. पण पान ४वर, कार्यानुभवाच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलंय की परिसर अभ्यासाचा प्रकल्प ४ सप्टेंबरला जमा करायचा आहे आणि त्याचे गुण पहिल्या सत्राच्या आकारिक मूल्यमापनात धरले जातील. गावाहून ८ला येणार असाल तर प्रकल्प २६ ऑगस्टलाच देऊन जा. बाईंना विचारलं, आधी दिलेला चालतो.

परीक्षा

पहिली घटक चाचणी १८ ते २२ ऑगस्ट. त्याच्या आधीचे तीन दिवस पाहा : शुक्रवारी १५ ऑगस्ट, शनिवारी गोपाळकाला, मग रविवार. लोणावळ्याला जायचा मोह होईल, तर दोन गोष्टी. १५ला सकाळी ७.१५ला झेंडावंदनाला मुलांची हजेरी आवश्यक आहे. आणि सोमवारी पहिलाच पेपर गणिताचा. शिवाय दहीहंडीच्या दिवशी ठाण्यातून बाहेर पडणं आणि परत येणं म्हणजे काय, ते आपल्याला कोणी सांगायला नको.

पहिली सत्र परीक्षा ६ ते १४ ऑक्टोबर. तोंडी मात्र त्याआधी, २९ सप्टेंबर ते १ ऑक्टोबर, म्हणजे ऐन नवरात्रात. रात्री उशिरापर्यंत गरबा असणाऱ्या सोसायट्यांनी हे तीन दिवस खूण करून ठेवा. दुसरी घटक चाचणी १९ ते २३ जानेवारी.

वार्षिक परीक्षा ६ ते १७ एप्रिल. मध्ये १४ एप्रिलला आंबेडकर जयंतीची सुट्टी, आणि सुरुवातीच्या आधी ३ला गुड फ्रायडे. ४ला, शनिवारी, शाळा आहे; हॉल तिकीट त्याच दिवशी मिळेल.

ही परीक्षा यंदा आपल्याला हलकी घेऊन चालणार नाही. चौथीपर्यंत मुलं पुढच्या वर्गात आपोआप गेली. पाचवी आणि आठवीला मात्र २०२३-२४पासून वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण व्हावं लागतं. राहिलं तर पुरवणी परीक्षा, आणि तीही राहिली तर त्याच वर्गात. घाबरवत नाही, पण १० एप्रिलला गावी लग्न आहे म्हणून मुलाला घेऊन जाण्याचे दिवस संपले. पेपर चुकला तर फक्त डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर पुन्हा घेतला जाईल, लग्नपत्रिकेवर नाही. (परिपत्रकात हे इतक्या स्पष्ट शब्दांत नाही, अर्थ तोच.)

शिष्यवृत्तीला बसवायचं असेल तर नाव ३१ जुलैपर्यंत बाईंकडे द्या. जादा तास नोव्हेंबरपासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर.

दिवाळी आणि बाकीच्या सुट्ट्या

दिवाळीची सुट्टी १६ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर, शाळा सोमवारी ३ला उघडेल. पेपर १४ला संपतात, पण १५ला शाळा आहे, किल्ले बांधणी स्पर्धा. १७ला निघणार असाल तर आरक्षण १८ ऑगस्टला उघडतं. हो, चाचणीच्या पहिल्याच दिवशी. एकाने अभ्यास घ्यावा, एकाने मोबाइल धरून बसावं.

यंदा काही सुट्ट्या वाया गेल्यात. आषाढी आणि मोहरम दोन्ही ६ जुलैला, तोही रविवार. दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, २ ऑक्टोबरला. महाशिवरात्रही १५ फेब्रुवारीला, रविवारीच. उलट मार्चमध्ये रांग लागलीय : ३ला धुळवड, १९ला पाडवा, २१ला रमजान ईद (चंद्रदर्शनानुसार बदलेल), २६ला रामनवमी, ३१ला महावीर जयंती. पाळणाघर किंवा आजी-आजोबांची सोय त्या महिन्यासाठी आत्ताच बघून ठेवा. गुरुनानक जयंती ५ नोव्हेंबर, नाताळ फक्त २५ डिसेंबर, एकच दिवस.

२४ ते २६ जानेवारी सलग सुट्टी समजू नका. शनिवारी शाळा आहे आणि २६ला झेंडावंदन.

मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या दोन सुट्ट्या परिपत्रकात तारखेशिवाय आहेत. त्या आयत्या वेळी कळतात, गेल्या वर्षी एक आदल्या संध्याकाळी कळली होती. निदान तीन दिवस आधी सांगा, अशी विनंती पालक-शिक्षक संघातर्फे दिली आहे.

कार्यक्रम

ऑफिसातून रजा काढावी लागेल असे दिवस तीनच : ८ नोव्हेंबर (शनिवार, सत्र निकाल आणि उत्तरपत्रिका पाहणं, सकाळी ८ ते ११), १९ डिसेंबर (शुक्रवार, स्नेहसंमेलन, आपला वर्ग पहिल्या दिवशी), ३० एप्रिल (गुरुवार, वार्षिक निकाल). निकाल पालकांच्याच हातात देतात, शेजाऱ्यांच्या नाही. त्यामुळे १८ एप्रिललाच गावी जाणाऱ्यांनी परत येण्याचा किंवा अधिकारपत्र देऊन ठेवण्याचा विचार करा.

क्रीडा सप्ताह ८ ते १० डिसेंबर, तेव्हा दप्तर नाही, डबा आणि पाण्याची बाटली. सहल ९ जानेवारीला रायगडावर, एसटीने, पहाटे ५ला निघणार. संमतीपत्र आणि पैसे १५ डिसेंबरपर्यंत. स्नेहसंमेलनाचे पोशाख भाड्याने घ्यायचे, ते वर्गाने मिळून ठरवू.

दहावीच्या बोर्ड परीक्षेचं आपली शाळा केंद्र आहे. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये पाचवीची वेळ बदलेल. दुपारची सकाळ होईल की काही दिवस घरीच, हे परिपत्रकात "नंतर कळविण्यात येईल" एवढंच आहे. रिक्षावाल्या काकांना आधीच सांगून ठेवते. ज्यांची मुलं त्यांच्याकडे नाहीत त्यांनी आपापल्या व्हॅनवाल्यांशी बोला.

उन्हाळी सुट्टी २ मेपासून, पुढचं वर्ष १५ जून २०२६ला सुरू.

कुठे तारीख चुकली असेल तर ग्रुपवर न टाकता मला फोन करा, दुरुस्त करून एकदाच पुन्हा पाठवते.

पालक प्रतिनिधी, पाचवी ब
ठाणे, २१ जून २०२५