दिवाळीच्या एकत्र जाहिरातीबद्दल

केतकीताई, नमस्कार.

तुमचा मेल आणि सोबतच्या दोन मेणबत्त्या मिळाल्या. मोगऱ्याची घरी लावून पाहिली. वास डोक्यात जात नाही, मंद राहतो. आईलाही आवडली, आणि आई असल्या बाबतीत सहजासहजी पास करत नाही.

आता मुद्द्याचं. एकमेकांची कूपनं पिशवीत टाकायची, आमच्या तेलाच्या घाण्याच्या काउंटरवर तुमच्या मेणबत्त्या मांडायच्या आणि दिवाळीपर्यंत इन्स्टाग्रामवर एकमेकांच्या पोस्ट टाकायच्या, या प्रस्तावाला आमच्याकडून नाही म्हणतोय. तुम्ही पाचशे कूपनं छापायला टाकणार असं लिहिलंय, म्हणून हे आधीच कळवतो. उगाच छपाईचा भुर्दंड नको.

तुम्ही एवढं सविस्तर मांडून पाठवलंत, तर कारणंही सांगायला हवीत. आमचं बहुतेक गिऱ्हाईक पन्नाशीच्या पुढचं, कर्वेनगर-कोथरूडमधलं. रिकामा कॅन घेऊन येतात, पाच लिटर शेंगदाणा आणि दोन लिटर करडई भरून नेतात. फोनवरची ऑर्डर म्हणजे "मागच्यासारखंच पाठवा", एवढीच. पिशवीतला कागद ही मंडळी वाचत नाहीत. आम्ही स्वतःच्याच करडईच्या तेलाची माहितीपत्रकं टाकली होती, ती नंतर कॅनच्या बुडाखाली तेल टिपायला घातलेली बघितली. तुमच्या कूपनांचंही तेच होईल.

उलट बाजूनंही जुळत नाही. तुमच्या मेलप्रमाणे तुमच्या ऑर्डरी बाणेर, विमाननगरकडच्या, पंचविशी-तिशीतल्या लोकांच्या आणि जास्त करून भेट द्यायला. आमची सगळ्यात लहान बाटली एक लिटरची आहे. एक लिटर शेंगदाणा तेलाला साधारण अडीच किलो दाणे लागतात, त्यामुळे भाव रिफाइंडच्या वर जातो. शिवाय न गाळलेल्या तेलात तळताना फेस येतो. नवीन माणसाला हे समोर बसवून, चमच्यात तेल देऊन समजवावं लागतं. रील बघून मागवलेल्याच्या कढईत पहिल्या चकलीला फेस आला की तो तक्रार करणार, आणि तुमच्याकडेही करणार. ऐन फराळाच्या दिवसांत आमच्याकडे फोन घ्यायलाही माणूस नसतो. दहा टक्के सूट द्यायला तर आमच्या भावात जागाच नाही.

काउंटरचं कारण वेगळं आहे, ते तुमच्या मालाबद्दल नाही. ताज्या काढलेल्या तेलाचा वास घेऊनच आमच्याकडे खरेदी होते. तेल शेजारच्या वस्तूचा वास पटकन धरतं, म्हणून उदबत्तीसुद्धा आम्ही घाण्यापासून लांब लावतो. मेणबत्त्या तिथे मांडल्या तर दोघांचाही माल एकमेकांचा वास मारेल.

जाहिरातीपेक्षा वेगळी एक गोष्ट मात्र डोक्यात आहे. कंपन्यांसाठी तुम्ही दिवाळीचे बॉक्स करता, त्यात पुढच्या वर्षी दिव्यासाठी तिळाच्या तेलाची छोटी बाटली घालता येईल का? पणती, वात, तेल आणि तुमची मेणबत्ती. ते तेल तुम्ही आमच्याकडून सरळ घाऊक भावानं घ्यायचं, बॉक्स तुमच्या नावानं जाईल, कूपन-सूट काही नाही. माणसं 'अभ्यंगाला' म्हणून मागतील, पण तसं लेबल लावता येणार नाही. आमचा परवाना खाद्यतेलाचा आहे, अंगाला लावायचं म्हणून विकायचं तर सौंदर्यप्रसाधनांचा परवाना वेगळा लागतो. छोट्या बाटल्या, झाकणं आणि प्रवासात गळती होते का, हेही बघावं लागेल. आत्ता शब्द देत नाही, पण तुम्हाला कल्पना पटली तर मार्गशीर्षात, इकडची गर्दी ओसरल्यावर, हिशेब मांडून बसू. दुसरं काही सुचलं तरी नक्की कळवा, फक्त गणपतीच्या आधी कळवलंत तर विचार करायला वेळ मिळतो.

आणि एक. आमच्या मागच्या गल्लीत एक मुलगी घरात ठेवायची झाडं आणि हातानं रंगवलेल्या कुंड्या विकते. तिच्याकडे येणारी माणसं बरीचशी तुमच्याच गिऱ्हाइकांसारखी, भेटवस्तू शोधत येणारी. तुमची हरकत नसेल तर तिला विचारून नंबर पाठवतो. कूपनांची कल्पना तिथे चालेल असं मला वाटतं.

दुसरी, कॉफीच्या वासाची मेणबत्ती उघडलेली नाही. नमुना म्हणून परत हवी असेल तर सांगा, शनिवारी आमचा मुलगा बाणेरला डिलिव्हरीला येतो, त्याच्याबरोबर पाठवतो.

दिवाळीच्या धंद्यासाठी शुभेच्छा.

आपला,
सुहास
लाकडी घाणा, कोथरूड